धावत्या गाडीतला घाण संडास आणि १३९ नंबरचा फोन

गेल्या महिन्यात एका वाचकभगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "आमच्या डब्यातला संडास इतका घाण होता की लहान मुलीला घेऊन मी रात्रभर तशीच बसून राहिले. टी.सी.ला सांगितले, तो म्हणाला १३९ ला फोन करा. खरेच काही होते का हो त्या फोनने? की नुसती आपली समजूत घालतात?"

या पत्राला मी अर्ध्या पानात उत्तर देऊन टाकले असते. पण मधल्या काळात आमच्यावरच तोच प्रसंग आला. म्हणून या खेपेला शेतीभातीचा विषय बाजूला ठेवून तीच हकीकत सांगतो. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही. दोष एका गाडीचा नाही.

झाले असे. आमच्या आईचे पोटाचे ऑपरेशन मुंबईला झाले. बारा दिवसांनी घरी सोडले, तेव्हा डॉक्टरांनी बजावले की पाणी भरपूर प्यायचे आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही. दुपारची गाडी, स्लीपरची दोन बाकडी राखून ठेवलेली, बरोबर मी आणि पुतण्या. सव्वाचारच्या सुमारास आईला संडासाला नेले. दार उघडले तर भांडे काठोकाठ तुंबलेले, नळाला थेंब नाही. समोरच्या संडासात भांडे रिकामे होते, पण पाणी तिथेही नव्हते. आई काही न बोलता परत फिरली. जागेवर येऊन बसली आणि हातातली पाण्याची बाटली तिने पिशवीत ठेवून दिली. मी विचारले तर म्हणाली, "नको बाबा, प्यायले की जावे लागते."

मला त्या वाक्यानेच धडकी भरली. घर यायला अजून नऊ तास होते.

डब्यातले एक गृहस्थ म्हणाले, "ओढा साखळी, म्हणजे येतील धावत." त्यांना मी हात जोडले. संडास घाण आहे म्हणून साखळी ओढणे हा रेल्वे कायद्याच्या १४१ कलमाखाली गुन्हा ठरतो. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय गाडी माळरानात उभी राहिली तर पाणी तिथे कुठून यायचे?

मग फोन लावला. १३९ हा आता रेल्वेचा एकच नंबर आहे. पूर्वी तक्रारीला १३८, संरक्षणाला १८२ असे वेगवेगळे नंबर होते. २०२० आणि २०२१ साली ते सगळे यात मिसळून टाकले. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, इंटरनेट लागत नाही, हे आपल्या लोकांच्या दृष्टीने मोठेच सोयीचे. आधी भाषा निवडायला सांगतात. बारा भाषांची सोय आहे, त्यात मराठीही आहे. नंतर एक बाई एकापाठोपाठ एक बटणे सांगत जाते. आजारपण किंवा जिवाला धोका असेल तर १, साधी तक्रार असेल तर ४, केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारायला ९, आणि माणसाशी बोलायचे असेल तर फुलीचे, म्हणजे चांदणीचे बटण. ही बटणे अधूनमधून बदलतात, म्हणून पाठ करून ठेवू नका. ऐकूनच दाबा.

पलीकडच्या मुलाने पहिली गोष्ट विचारली ती पीएनआर नंबर. तिकिटावर दहा आकडी छापलेला असतो तो. त्यावरूनच त्याला गाडी, तारीख, डबा, आपली जागा सारे समोर दिसते. तिकीट पिशवीच्या तळाशी असेल तर आधी काढून हातात ठेवा, नाहीतर शोधेपर्यंत बोगदा येतो आणि फोन तुटतो. आमचा दोनदा तुटला. राखीव तिकीट नसेल, साध्या डब्याचे असेल, तर त्यावरही UTS नंबर छापलेला असतो. तक्रार त्यावरही नोंदवता येते.

दुसरे विचारले, काय बिघडले आहे. इथे मी चूक केली, तीच तुम्हाला सांगायची आहे. मी म्हणालो, "संडास घाण आहे, पाणी नाही, आजारी माणूस आहे." त्याने सगळे ऐकून एकच तक्रार लिहून घेतली, ती सफाईची. दोन मिनिटांत मोबाईलवर संदेश आला, त्यात तक्रारीचा नंबर होता. त्या वेळी मला वाटले, झाले काम.

आता हा फोन घेणारा मुलगा आपल्या गाडीत नसतो, हे ध्यानात घ्या. तो तक्रार संगणकात घालतो. तिथून ती रेल्वेच्या संबंधित विभागाच्या कचेरीत जाते, आणि तिथला माणूस गाडीतल्या सफाईवाल्याला किंवा पुढच्या स्टेशनातल्या लोकांना फोन करतो. म्हणजे मध्ये तीन-चार हात आहेत. प्रत्येक हाताला पाच-दहा मिनिटे धरा.

आमच्याकडे पंचवीस मिनिटांनी फोन आला. "साहेब, कोणत्या बाजूचा संडास?" मी म्हणालो, उजव्या बाजूचा. आता धावत्या गाडीत उजवी बाजू कोणती? तो बिचारा दुसऱ्या टोकाला जाऊन आला. तेव्हा सांगताना असे सांगावे, की इंजिनाकडच्या टोकाचा की गार्डाकडच्या टोकाचा, आणि जवळच्या बाकड्याचा नंबर कितवा. डब्याचा क्रमांक नुसता एस-चार सांगू नका, भिंतीवर रंगाने लिहिलेला पाच-सहा आकडी नंबर असतो तोही सांगा. (त्यातले पहिले दोन आकडे डबा कोणत्या साली तयार झाला ते सांगतात. पुतण्याने हे ऐकून चार डबे फिरून त्यांची वये काढली. पोराला तेवढाच विरंगुळा.)

लांब पल्ल्याच्या बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांतून हल्ली कंत्राटाची सफाईची माणसे बरोबर असतात. त्यांचे काम सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालते. दहानंतर झाडू-फिनेलची नेमाची फेरी होत नाही. १३९ चोवीस तास उचलतात, पण रात्री दोन वाजता केलेल्या तक्रारीवर माणूस येईलच असे धरून चालू नका. साध्या पॅसेंजर गाडीत तर असा माणूस नसतोच. तिथे तक्रारीचे काम पुढच्या मोठ्या स्टेशनावरच होणार. आणि साध्या डब्यात तर सफाईवाल्याला गर्दीतून आत शिरताच येत नाही, म्हणून स्टेशन जवळ येण्याआधी तासभर तक्रार करावी, म्हणजे फलाटावरचा माणूस तयार राहू शकतो. जो डबा आपल्यातल्या सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला येतो, त्याच डब्यात ही सोय सर्वांत लंगडी, हे मला खटकते ते खटकतेच.

सव्वापाचला सफाईवाला पोरगा आला. विशीतला असेल. हातात लांब सळई आणि बादली. दहा मिनिटे खटपट करून त्याने भांड्याच्या गळ्यातून काय काढले असेल? पाण्याची चिरडलेली बाटली आणि तीन-चार गुटख्याच्या पुड्या!

हे का होते ते सांगतो. पूर्वी गाडीचे संडास सरळ रुळावर उघडायचे. टाकलेली वस्तू खाली पडून जायची. २०१९ च्या सुमाराला जवळजवळ सगळ्या डब्यांना जैविक संडास बसवले. आता भांड्याखाली बंद टाकी असते, तिच्यातले जंतू मैला कुजवून त्याचे पाणी करतात. शेणखताच्या खड्ड्यातले जंतू करतात तसेच काहीसे काम, पण पाण्यात. रूळ स्वच्छ राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण भांडे आणि टाकीच्या मधला नळ वाकडा आणि अरुंद. त्यात बाटली, पुडी, फडके, बाळाचा लंगोट किंवा बायकांच्या वापरातले पॅड गेले की सारे अडते, आणि जंतूंना प्लास्टिक काही कुजवता येत नाही. त्या पोराने सळईने नसते निघाले तर ते संडास गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत बंदच राहिले असते. म्हणून भांडे तुंबले असेल तर फोनवर नुसते 'घाण आहे' म्हणू नका, 'तुंबले आहे' असे सांगा. नुसता घाण संडास झाडू-पाण्याने होतो, तुंबलेल्याला हत्यार लागते. हत्यार आणायला विसरलेला माणूस परत जातो आणि अर्धा तास मोडतो.

पण पाणी? पोरगा म्हणाला, "काका, टाकी रिकामी आहे. ते माझ्या हातात नाही, पुढच्या भरण्याच्या स्टेशनावर होईल." बादलीतले थोडे पाणी टाकून, फिनेल मारून तो उभा राहिला आणि छापील कागद पुढे केला, त्यावर शेरा द्या म्हणाला. कंत्राटदाराच्या बिलाशी प्रवाशांच्या शेऱ्यांचा संबंध असतो, म्हणून ते चांगला शेरा मागतात. पोराने काम केले होते, म्हणून 'सफाई झाली' एवढे लिहून दिले, आणि खाली लिहिले, 'पाणी नाही'. जे झाले तेवढेच लिहावे. काम न होता सही मागितली तर देऊ नये, आणि मोबाईलवर आलेला गुप्त आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो तर कोणालाच वाचून दाखवू नये.

पाच चाळीसला मोबाईलवर संदेश. तक्रार निकाली काढली! इकडे नळ कोरडाच, आई पाणी न पिता बसलेली.

मला आधी संताप आला. मग पुतण्या म्हणाला, "काका, आपली तक्रार सफाईची लिहिलीय. सफाई झाली म्हणून त्यांनी बंद केली." आणि ते खरेच होते. रेल्वेच्या हिशेबी सफाई एक खाते आणि पाणी वेगळे. एकाच तक्रारीत दोन दुखणी घातली, की पहिले बरे झाले की दुसऱ्याची चिठ्ठी फाडली जाते. दोन दुखण्यांच्या दोन तक्रारी कराव्यात, दोन नंबर घ्यावेत.

मग दुसरी तक्रार पुतण्याने मोबाईलवरून केली. railmadad.indianrailways.gov.in असा पत्ता आहे, आणि Rail Madad नावाचे ॲपही आहे. आत आपला मोबाईल नंबर घालायचा, त्यावर ओटीपी येतो तो भरायचा (तो तिथेच, दुसरीकडे नाही). मग पीएनआर. मग तक्रारीचा प्रकार निवडायचा. घाणीसाठी Coach - Cleanliness आणि त्याखाली Toilets, पाण्यासाठी Water Availability. ही नावे इंग्रजीत दिसली तर घाबरू नका, शाळेतल्या पोराला सांगा. फोटो जोडण्याची जागा असते, कोरड्या नळाचा फोटो जोडला. शेवटी दोन ओळी लिहायच्या. पुतण्याने लिहिले, "एस-चार, इंजिनाकडच्या दोन्ही संडासांत आणि बेसिनला पाणी नाही, गार्डाकडच्या टोकाला आहे. ऑपरेशन झालेली वृद्ध बाई आहे."

ही 'दुसऱ्या टोकाला आहे' ची माहिती उपयोगाची ठरली. मी उठून तिकडे पाहून आलो होतो. नव्या धर्तीच्या डब्यांत पाण्याच्या मोठ्या टाक्या डब्याखाली असतात आणि विजेच्या पंपाने पाणी वर चढते. सगळ्या डब्यात पाणी नसेल तर टाकी रिकामी. एका टोकाला असून दुसऱ्या टोकाला नसेल तर पंप किंवा नळी बिघडलेली असण्याचा संभव जास्त, आणि मग नुसते पाणी भरून भागत नाही, गाडीतला वीजमिस्त्री लागतो. आपल्या विहिरीवर मोटार चालू असून पाटात पाणी आले नाही, तर आपण आधी विहीर पाहतो की फूटव्हॉल्व्ह? तसेच आहे हे.

वीस मिनिटांत फोन आला. हा माणूस वेगळा होता, त्याने स्पष्ट विचारले, "दुसऱ्या टोकाला पाणी नक्की आहे ना?" मी म्हणालो, आहे. सव्वासहाला खाकी शर्टाचा मिस्त्री आला, दारामागचे कपाट उघडले, काहीतरी बटण खाली-वर केले. नळाने दोन गुळण्या टाकल्या आणि धार लागली. सफाईवाल्या पोराचे 'टाकी रिकामी' हे निदान चुकले होते. त्याच्यावर विसंबलो असतो तर पुढच्या भरण्याच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे साडेसातपर्यंत बसावे लागले असते, आणि तिथे पाणी भरूनही नळ कोरडाच राहिला असता.

मधल्या काळात आम्ही एक केले ते सांगायला हवे. आईला दुसऱ्या टोकाच्या संडासाला नेले. आधीच न्यायला हवे होते, पण भरगच्च वाटेतून सत्तरीच्या बाईला ऑपरेशनच्या टाक्यांसकट न्यायचे माझ्या जिवावर आले होते. दोन तरुण पोरांनी पुढे होऊन वाट केली. तक्रारीची वाट पाहत बसताना माणसाची सोय थांबवू नये, हे मला त्या वेळी सुचले नाही. आणि प्रकृती बिघडू लागली, पोट फुगले, चक्कर आली, तर संडासाची तक्रार करत बसायचे नाही. सरळ १३९ वर १ दाबायचे आणि आजारपण सांगायचे. त्याला पुढच्या स्टेशनावर डॉक्टर बोलावता येतो, आणि ती वाट संडासाच्या वाटेपेक्षा लवकर चालते.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. काही होते का? आमचे झाले. पण प्रत्येक वेळी होते असे सांगितले तर ते खोटे ठरेल. देशाच्या महालेखापालांचा, म्हणजे कॅगचा, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्वच्छतेवरचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात म्हटले आहे, की २०२२-२३ या एका वर्षात संडासात किंवा बेसिनला पाणी नसल्याच्या १,००,२८० तक्रारी आल्या, आणि त्यांपैकी ३३,९३७ तक्रारींचा निकाल ठरवून दिलेल्या वेळेत लागला नाही. म्हणजे तिघांतला एक वाट पाहत राहिला. हा आकडा ध्यानात ठेवून फोन करा, म्हणजे आशाही राहील आणि बेफिकिरीही नको.

काम न होताच 'निकाली' असा संदेश आला तर काय करावे? त्या संदेशानंतर समाधान झाले की नाही, असे विचारणारा दुसरा संदेश येतो. त्यात 'असमाधानी', इंग्रजीत Unsatisfactory, हे निवडा. बरेच जण कंटाळून तो संदेश पुसून टाकतात, आणि मग दप्तरी तक्रार गोडीगुलाबीने मिटल्यासारखी राहते. प्रश्न जिवंत असेल तर नवीन तक्रार करा आणि तिच्यात पहिलीचा नंबर लिहा. जुन्या नंबरावर पुन्हापुन्हा फोन करून 'काय झाले' विचारण्यापेक्षा हे लवकर लागू पडते.

पैसे परत मिळतात का, असेही काही जण विचारतात. वातानुकूलित डब्याचे यंत्र बंद पडले तर भाड्याचा फरक मागता येतो, तसा नियम आहे. घाण संडासासाठी तसे आपोआप काही मिळत नाही. ज्याला ग्राहक आयोगाकडे जायचे असेल त्याने तक्रारीचे नंबर, फोटो आणि तिकीट जपून ठेवावे. पण कोणी फोन करून 'रेल्वेतून बोलतोय, परतावा देतो, कार्डाचा नंबर सांगा' म्हणाला तर फोन ठेवून द्यावा. संडासाच्या तक्रारीला कार्डाचा नंबर लागत नाही. इंटरनेटवर 'रेल्वे हेल्पलाईन' म्हणून भलतेच दहा आकडी नंबर टाकणारे भामटे आहेत, तेव्हा आकडे तीनच, १३९.

आणखी एक. रात्री प्रवास असेल तर गाडी सुटल्यावर पहिल्या तासातच संडास आणि नळ पाहून घ्या, आणि काही बिघडलेले दिसले तर नऊच्या आत फोन करा. सफाईची माणसे दहापर्यंतच असतात, आणि संध्याकाळच्या मोठ्या थांब्यावर पाणी भरले जाते. त्या भगिनीने रात्री टी.सी.ला सांगितले तेव्हा बहुधा अकरा वाजून गेले असावेत. पत्रात वेळ दिलेली नाही, ताईंनी ती कळवली तर बरे होईल.

आमची गाडी रात्री सव्वाला लागली. आई चांगली आहे. बाटलीतले पाणी मात्र तिने गाव येईपर्यंत अर्धेच प्यायले, आणि पुढच्या तपासणीला मुंबईला बसनेच जाऊ म्हणते आहे.